एक्के मोजून स्लॅम होत नाही

मेसच्या कार्डरूममध्ये गेली वीस-बावीस वर्षं मी एक वाक्य ऐकत आलो आहे. सहा इस्पिकची बोली, पहिलंच पान टेबलावर येतं, दुसरं येतं, दोन हात समोरच्यांकडे जातात, डाव एका हाताने पडतो. मग बोली लावणारा सर्वांकडे बघून म्हणतो, "अरे, एक्के तर विचारले होते!" जणू एक्के विचारले म्हणजे कर्तव्य संपलं आणि पुढचं सगळं नशिबाच्या खात्यात.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. डाव त्या प्रश्नामुळेच पडला. ४ नोट्रम्पला आपण स्लॅममध्ये जाण्याचा रस्ता समजतो. खरं तर तो स्लॅमपासून दूर ठेवणारा अडसर आहे. इंडियानापोलिसच्या ईझली ब्लॅकवूड यांनी १९३३ च्या सुमारास हा प्रश्न शोधला. बारा हात आहेत अशी खात्री झाली, आता दोन एक्के समोर नाहीत ना एवढंच तपासायचं, यासाठी तो उपयोगी आहे. बारा हात आहेत का, हे तो प्रश्न सांगत नाही. कधीच सांगत नव्हता. पण आपल्याकडे सतरा-अठरा गुण दिसले आणि भिडूने रंग उचलून धरला की हात आपोआप ४ नोट्रम्पकडे जातो.

जे आता आता खेळायला लागले आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. जुन्या ब्लॅकवूडमध्ये ४ नोट्रम्पला भिडू पायऱ्यांनी उत्तर देतो: ५ किलवर म्हणजे एकही एक्का नाही किंवा चारही, ५ चौकट म्हणजे एक, ५ बदाम म्हणजे दोन, ५ इस्पिक म्हणजे तीन. आज बहुतेक जण रोमन की-कार्ड खेळतात. त्यात हुकमाचा राजा पाचवा एक्का म्हणून मोजला जातो. ५ किलवर म्हणजे शून्य किंवा तीन, ५ चौकट म्हणजे एक किंवा चार, ५ बदाम म्हणजे हुकमाच्या राणीशिवाय दोन, ५ इस्पिक म्हणजे राणीसकट दोन. पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल केली की ती झाली 'चौदा-तीस' पद्धत.

आता एक डाव मांडतो. पानं काढून टेबलावर ठेवा आणि स्वतः तपासा.

दक्षिणेची पानं अशी:
इस्पिक: एक्का, राजा, राणी, ७, ६, ४
बदाम: राजा, राणी, ३
चौकट: ८, ५
किलवर: एक्का, ६

अठरा गुण आणि सहा पानांचा अभेद्य हुकूम. दक्षिण १ इस्पिकने सुरुवात करते, उत्तर ३ इस्पिक म्हणते, म्हणजे चार हुकूम आणि गेमचं आमंत्रण. आपल्यातले दहापैकी नऊ जण इथे ४ नोट्रम्प म्हणतील. म्हणा. उत्तर येतं: एक. दक्षिणेकडे तीन की-कार्ड आहेत, भिडूकडे एक, म्हणजे पाचपैकी चार. हुकमाची राणीही स्वतःकडेच. एकच एक्का समोर. हिशेब चोख, बोली ६ इस्पिक.

उत्तरेची पानं उघडा.
इस्पिक: गुलाम, १०, ९, ३
बदाम: एक्का, ७, ४
चौकट: राणी, ७, २
किलवर: राजा, राणी, ५

पश्चिम चौकटचा एक्का टाकते, मग राजा. डाव पडला. गंमत अशी की हात मोजले तर बाराच आहेत: इस्पिकचे सहा, बदामचे तीन, किलवरचे तीन. एक्काही खरोखर एकच समोर होता. सगळा हिशेब बरोबर, तरी डाव पडला, कारण चौकटचा एक्का आणि राजा दोन्ही समोर होते, आणि आपल्या दोघांकडेही चौकटची दोनाहून कमी पानं नव्हती. ४ नोट्रम्पने संख्या विचारली. हवं होतं ठिकाण. शत्रूकडे एकच तोफ आहे एवढं कळून कोणी हल्ला करत नाही. ती कुठे लावली आहे हे आधी विचारतो. कार्डरूममध्ये शिरताना ही साधी अक्कल आपण टोपीबरोबर बाहेर टांगून येतो.

आता दक्षिणेची पानं तशीच ठेवा आणि उत्तरेची बदला.
इस्पिक: गुलाम, १०, ९, ३
बदाम: एक्का, ७, ४
चौकट: ७
किलवर: राजा, राणी, ८, ७, ५

आधीच्या उत्तरेकडे बारा गुण होते, हिच्याकडे दहाच. ४ नोट्रम्पला उत्तर तेच: एक. पण इथे चौकटचा एकच हात जातो, दुसरी चौकट डमीमध्ये हुकमाने कापली जाते आणि सहा इस्पिक आरामात होतात. दोन वेगळ्या उत्तर-पानांनी तुमच्या प्रश्नाला अक्षरशः एकच उत्तर दिलं. एकात स्लॅम पडतो, दुसऱ्यात बसल्या जागी होतो. जो प्रश्न या दोघांत फरक करू शकत नाही, तो या पानांवर पहिला प्रश्न असूच शकत नाही.

मग पहिला प्रश्न कोणता? क्यू-बिड. रंग ठरल्यावर चारच्या पायरीवर आपण ज्या रंगात अडवू शकतो तो सर्वांत स्वस्त रंग बोलायचा. एक्का, राजा, व्हॉइड किंवा सिंगलटन, काहीही चालेल. एखादा रंग ओलांडून पुढे गेलो, तर त्या रंगात माझ्याकडे काही नाही असा अर्थ. एवढाच करार.

वरच्या पानांवर तो लावून बघा. १ इस्पिक, ३ इस्पिक, आणि आता दक्षिण ४ किलवर म्हणते: किलवरमध्ये माझं ठीक आहे. पहिली उत्तर, चौकटची राणी-७-२ असलेली, चौकट बोलू शकत नाही. ती ४ बदाम म्हणते. त्या क्षणी दक्षिणेला सगळं कळतं. भिडूकडे चौकट नाही, माझ्याकडेही नाही. ४ इस्पिक, विषय संपला, अकरा हात घरी. दुसरी उत्तर, सिंगलटनवाली, ४ चौकट म्हणते. चौकट झाकली गेली, किलवर झाकलेलं आहे, बदामात दक्षिणेकडे राजा-राणी आहेत. आता चारही रंगांत पहिल्याच दोन हातांचा धोका उरला नाही. ४ नोट्रम्पची वेळ ही.

आणि आता त्या प्रश्नाचं खरं काम दिसतं. समजा सिंगलटनवाल्या उत्तरेकडे बदामच्या एक्क्याऐवजी गुलाम असता, आणि किलवरमध्ये राजा-राणी-गुलाम. तीही ४ चौकटच म्हणाली असती. पण ४ नोट्रम्पला उत्तर येतं 'शून्य किंवा तीन'. तीन दक्षिणेच्याच हातात आहेत, पाचपैकी आणखी तीन असणं शक्य नाही, म्हणजे शून्य. बदाम आणि चौकटचे दोन्ही एक्के समोर. ५ इस्पिकवर थांबायचं. क्यू-बिडने दाखवलं की स्लॅम शक्य आहे, ब्लॅकवूडने दाखवलं की या वेळी नाही. हा क्रम उलटा केला की दोन्ही साधनं निकामी होतात.

काही निवृत्त सर मला सांगतात, "एवढं डोकं कशाला? स्लॅम कधी लागतो, कधी पडतो, सरासरी सारखीच येते." तर ती सरासरीच मांडू. व्हल्नरेबल असताना, डुप्लिकेटच्या गुणांनी, ४ इस्पिक बोलून अकरा हात केले तर ६५०. त्याच पानांवर ६ बोलून एका हाताने पडलो तर उणे १००. नुकसान ७५०. उलट बाजूने, बारा हात होत असताना ४ वर थांबलो तर ६८०, ६ बोललो असतो तर १४३०. नुकसान पुन्हा ७५०. ('चौदा-तीस' हे नाव त्या १४३० वरूनच पडलं आहे.) म्हणजे चुकीचा स्लॅम बोलणं आणि बरोबरचा सोडणं यांची किंमत समान आहे. वरच्या दोन डावांत डोळे मिटून ४ नोट्रम्प करणारा एकदा कमावतो, एकदा गमावतो. चारच्या पायरीवर दोन बोल्या जास्त बोलणारा दोन्हीकडे कमावतो. सरासरी सारखी येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो मी मान्य करतो. क्यू-बिड समोरच्यांनाही ऐकू येतं. आपण चौकट ओलांडली की पश्चिमेला कळतं की चौकट खेळायची. शिवाय खालच्या बोलीला डबल देऊन पूर्व आपल्या भिडूला कोणता रंग खेळायचा तेही सांगू शकते. ही किंमत आहेच. म्हणून ज्या पानांवर तुम्हाला काही विचारायचंच नाही तिथे क्यू-बिडची हौस करू नका. सगळे रंग स्वतःकडेच झाकलेले असतील तर सरळ ४ नोट्रम्प करा, ती त्याची हक्काची जागा आहे. पण एखाद्या न बोललेल्या रंगात दोन-तीन फुटकळ पानं घेऊन बसला असाल, तर समोरच्यांना सुगावा लागेल म्हणून स्वतःच आंधळं होणं हा कुठला डाव?

आता व्हॉइड. ज्याच्याकडे एखादा रंगच नाही त्याने एक्के विचारू नयेत, हा नियम प्रत्येकाला तोंडपाठ आहे आणि प्रत्येक जण तो मोडतो. तुमच्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, १०, ७, ५ आहेत, बदामचे एक्का, राजा, राणी, ६, किलवरचे राजा, राणी, ४, आणि चौकट एकही नाही. भिडू म्हणाला "एक". कुठला? इस्पिकचा असेल तर फक्त किलवरचा एक्का जातो आणि सहा बहुतेक होतात. चौकटचा असेल तर तो तुमच्या व्हॉइडवर येऊन बसला. इस्पिक आणि किलवर असे दोन्ही एक्के समोरच राहिले. म्हणजे उत्तर ऐकून तुम्ही जिथे होतात तिथेच, फक्त एक पायरी वर. यावर 'एक्स्क्लूजन' नावाचा उपाय आहे: व्हॉइडच्याच रंगात पाचवर उडी मारायची, अर्थ असा की हा एक्का सोडून बाकीचे सांग. उपाय चांगला आहे. पण ज्या जोडीने तो आधी बोलून ठरवलेला नाही, तिच्यातला एक जण ती उडी म्हणजे खरीखुरी चौकट समजून पास करतो, आणि मग तुम्ही हुकमाचं एकही पान नसताना पाच चौकट खेळत बसता. नुकतीच बदली होऊन आलेल्या, पहिल्यांदाच समोर बसलेल्या भिडूबरोबर हे करू नका.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची, आणि ती साध्या अंकगणिताची आहे. हुकूम किलवर असेल तर थांबायची जागा ५ किलवर. जुन्या ब्लॅकवूडमध्ये एक एक्का असलेला भिडू ५ चौकट म्हणतो आणि थांबायची जागा मागे पडते. तुमच्याकडे दोन एक्के असतील आणि स्लॅमला आणखी एक हवा असेल तर ठीक, ते उत्तर ऐकून सहा बोलायचेच आहेत. पण तुमच्याकडे एकच असेल आणि भिडूचे दोन हवे असतील, तर 'एक' हे उत्तर तुम्हाला दोन एक्के कमी असताना सहावर ढकलतं. नियम एका वाक्यात मावतो: सर्वांत निराश करणारं उत्तर आलं तर मी कुठे थांबणार, हे ठरल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही. शून्य-तीन की चौदा-तीस, यावर मेसमध्ये रात्ररात्र वाद होतात. त्यातला खरा मुद्दा हाच आणि एवढाच आहे. बदाम हुकूम असताना 'एक' हे उत्तर ५ चौकटवर आलं तर ५ बदामच्या आत हुकमाची राणी विचारायला जागा उरत नाही. तेच उत्तर ५ किलवरवर आलं तर ५ चौकटने राणी विचारता येते. फायदा खरा आहे, पण छोटा. कोणतीही एक पद्धत घ्या, कार्डावर लिहा आणि वाद बंद करा.

नोट्रम्पच्या सुरुवातीवरही एक ओळ. भिडूने १ नोट्रम्प उघडलं आणि तुम्ही सरळ ४ नोट्रम्प म्हणालात, तर तो एक्क्यांचा प्रश्न नाही. तुझे गुण वरच्या टोकाचे असतील तर सहा बोल, असं ते आमंत्रण आहे. तिथे एक्के विचारायचे तर ४ किलवर, ज्याला आपण गर्बर म्हणतो. आणि तो गर्बर तिथेच ठेवा. रंग ठरलेल्या बोलीत ४ किलवरला गर्बर करणाऱ्यांनी वर सांगितलेली सर्वांत उपयोगी क्यू-बिड स्वतःच्या हाताने मारून टाकलेली असते.

राहिले राजे. ५ नोट्रम्पने राजे विचारतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या बोलीचं एक वचन आहे, ते फार कमी जण पाळतात: सगळे एक्के आणि हुकमाचा राजा आपल्याकडे आहेत, मी सातचा विचार करतो आहे. एक एक्का कमी असताना "बघू या किती राजे निघतात" म्हणून ५ नोट्रम्प करणं म्हणजे भिडूशी खोटं बोलणं आहे, कारण त्या वचनावर विश्वास ठेवून तो एखाद्या लांब, भरलेल्या रंगाच्या जोरावर सरळ सात बोलू शकतो. तसा त्याला हक्कच आहे.

प्रश्न योग्य जागी विचारला तर तो किती नेमका आहे ते बघा. दक्षिणेची तीच पानं, पण उत्तर या वेळी गेमची सक्ती करणाऱ्या बोलीने इस्पिक उचलते. की-कार्ड दोन येतात, म्हणजे पाचही आपलेच. दक्षिण ५ नोट्रम्प म्हणते. हुकमाचा राजा आधीच मोजला गेला आहे, तो पुन्हा मोजायचा नाही. बदामचा राजा दक्षिणेकडे. उरले दोनच, चौकटचा आणि किलवरचा. उत्तर आलं ६ बदाम, म्हणजे दोन. आता हात बोटांवर मोजा: इस्पिकचे सहा, बदामचे तीन, चौकटचे एक्का-राजा दोन, किलवरचे एक्का-राजा दोन. तेरा. सात इस्पिक, अंदाज नाही. एकच राजा आला असता तर बारा हात आणि सहावर मुक्काम. इथे संख्या विचारून ठिकाण कळलं, कारण बाकीची सगळी ठिकाणं आधीच माहीत होती.

आणि शेवटी अधिकाराची गोष्ट, कारण आपल्या मेसमध्ये ती पानांपेक्षा जास्त डाव बुडवते. एक्के विचारणारा त्या डावाचा कप्तान असतो. त्याने पाचवर थांबवलं की भिडूने पास करायचं. "पण माझ्याकडे चांगली पानं होती" हे चालत नाही, तुमची पानं त्याने विचारून घेतली आहेत. अपवाद एकच: तुम्ही 'शून्य किंवा तीन' म्हणालात, तुमच्याकडे तीन आहेत आणि त्याने शून्य समजून थांबवलं, तर पुढे जायचं. एरवी कर्नलसाहेबांनी थांबवलं की कॅप्टन थांबतो हे आपण पाहतोच. कॅप्टनने थांबवलं की कर्नलसाहेबांनीही थांबायचं, हे अजून रुजायचं आहे. आणि पास करण्याआधी एक मिनिट छताकडे बघणं हीसुद्धा बोलीच आहे, फक्त बेकायदा.

तेव्हा ४ नोट्रम्पचं पान बोलीच्या डब्यातून उचलण्याआधी स्वतःला विचारा: असा कुठला रंग आहे का, ज्यात पहिले दोन हात जाऊ शकतात? माझ्याकडे व्हॉइड आहे का? वाईट उत्तर आलं तर थांबायला जागा आहे का? यातल्या एकाचंही उत्तर अडचणीचं असेल तर पान डब्यात परत ठेवा आणि क्यू-बिड करा. भिडूला येत नसेल तर शिकवा. वर दिलेल्या दोन उत्तर-पानांची जोडी मांडली तर पंधरा मिनिटांत समजतं.